ग्वाल्हेर : घरे तीन, सोंगट्या पाच

‘ग्वाल्हेर’ हा शब्द मराठी शब्दकोड्यात किती घरांत बसेल, असे कोणालाही विचारावे. उत्तर ‘तीन’ असे येईल. ग्वा, ल्हे, र. पण तोच शब्द सुट्या अक्षरांच्या सोंगट्यांनी पटावर मांडावयाचा झाला, तर उत्तर इतके सरळ राहत नाही. ग, व, ल, ह, र ही पाच व्यंजने त्यात आहेत, शिवाय एक काना आणि एक मात्रा. संगणकाच्या हिशेबाने पाहिल्यास दोन पाय मोडण्याच्या खुणा धरून हे नऊ तुकडे होतात. तीन, पाच की नऊ? मराठी अक्षरसोंगट्यांच्या खेळाचा सारा प्रश्न या तीन आकड्यांत सामावलेला आहे. मराठीत असा खेळ करू पाहणारे बहुतेक जण त्याचे उत्तर न देताच इंग्रजी पट समोर ठेवतात आणि त्यावर देवनागरी अक्षरे चिकटवतात, अशी माझी तक्रार आहे.

इंग्रजी खेळ आल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुशिल्पज्ञाने १९३० नंतरच्या मंदीच्या काळात रचला. त्याने वृत्तपत्रांच्या पानांवरील अक्षरे मोजली आणि जे अक्षर वारंवार येते त्याच्या सोंगट्या अधिक व गुण कमी, जे क्वचित येते त्याच्या सोंगट्या कमी व गुण अधिक, असा नियम बांधला. पंधरा गुणिले पंधरा घरांचा पट, १०० सोंगट्या, हाताशी सात. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक तुकडा म्हणजे एक घर, म्हणून ही रचना बिनबोभाट चालते. मराठीत अक्षर, वर्ण आणि घर ही तीन वेगळी मापे आहेत.

हा पेच नवा नाही. छापखान्यातील खिळेजुळाऱ्यापुढे तो शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच उभा होता. प्रत्येक जोडाक्षराचा आणि मात्रायुक्त अक्षराचा वेगळा खिळा पाडला तर खिळ्यांची संख्या शेकड्यांत जाई. अक्षर तोडून तुकडे केले तर जुळणी किचकट होई. लोकमान्य टिळकांनी खिळ्यांची संख्या कमी करण्यासाठी जी खटपट केली, ती याच कारणाने. सोंगट्यांचा खेळ करणाऱ्याने छापखान्याचा हा इतिहास डोळ्यांपुढे ठेवावा. त्याला मिळणारी उत्तरेही तीच आहेत, मात्र त्यांची किंमत निराळी आहे.

पहिला मार्ग पूर्ण अक्षरांचा. का, कि, की, कु अशा प्रत्येक अक्षराची सोंगटी करावयाची. चौतीस व्यंजनांची बाराखडीच चारशेवर जाते. जोडाक्षरे अजून बाहेरच. थैलीत हात घातल्यावर सात सोंगट्यांत ‘ढौ’ आणि ‘झृ’ निघाले की खेळ संपला. हा मार्ग सोडून द्यावा.

दुसरा मार्ग संगणकाचा. व्यंजन, मात्रा आणि पाय मोडण्याची खूण या सर्वांना स्वतंत्र सोंगटी आणि स्वतंत्र घर द्यावयाचे. वरवर हा न्याय्य दिसतो. पण ‘किती’ मांडताना पहिली वेलांटी क च्या आधी ठेवायची की नंतर? डोळ्याला ती आधी दिसते, उच्चारात नंतर येते. आणि आडव्या ‘किती’तील वेलांटीच्या घरातून उभा शब्द काढायचा म्हटले, तर वेलांटीने सुरू होणारा किंवा वेलांटीच मधोमध घेणारा शब्द कोठून आणायचा? मात्रेचे घर उभ्या खेळाडूला मृत असते. अशी मृत घरे पटावर पसरली की उभे-आडवे छेदणे, म्हणजे या खेळाचा प्राणच, आटून जातो.

उरतो तिसरा मार्ग, आणि माझे मत त्याच्या बाजूचे आहे. घराचे माप शब्दकोड्याकडून घ्यावे: एक घर, एक अक्षर, मात्रेसह आणि जोडाक्षरासह. हे माप मराठी वाचकाच्या बोटांना आधीच ठाऊक आहे. ते शिकवावे लागत नाही. सोंगटी मात्र फक्त व्यंजनाची असावी. मात्रा थैलीत नसावी. ती सर्वांना फुकट असावी. जोडाक्षर हवे असेल तर एकाच घरात एका सोंगटीवर दुसरी सोंगटी चढवावी. खालची आधी उच्चारली जाते, वरची नंतर. म्हणजे ‘ग्वाल्हेर’ तीन घरांत पाच सोंगट्यांनी बसते.

चढवण्याचा हा नियम लेखनाच्या आकारावर नव्हे, उच्चाराच्या क्रमावर चालतो, आणि त्याचा खरा लाभ र च्या बाबतीत दिसतो. क, र, म या तीनच सोंगट्या घ्या. म खाली र ठेवला तर ‘कर्म’. र खाली क ठेवला तर ‘क्रम’. तिन्ही सुट्या मांडल्या तर ‘मकर’. रफार आणि रकार यांच्यासाठी वेगळी सोंगटी लागत नाही. कर्म आणि क्रम दोन घरे घेतात, मकर तीन. तिन्हींच्या सोंगट्यांचे गुण सारखेच. पण मकर पटावर एक घर अधिक उघडतो आणि पुढच्या खेळाडूला वाटही देतो. एवढ्या लहान निवडीतही खेळाडूला विचार करावा लागतो, हे या रचनेचे यश समजावे.

मात्रा फुकट म्हणजे नेमके काय? थैलीत मात्रा घातल्या तर एखाद्याच्या वाट्याला पाच मात्रा आणि दोन व्यंजने येऊन तो अडकून पडतो; इंग्रजीत स्वरांचा जो तोटा-सुकाळ होतो, त्याहून हे वाईट. म्हणून सोंगटीवर चकचकीत आवरण चढवावे आणि पांढऱ्या फळ्यावर लिहिण्याच्या, सहज पुसता येणाऱ्या लेखणीने मात्रा काढावी. काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार, विसर्ग, सारे लिहून. एक गुणही नाही. आणि एक नियम: लिहिलेली मात्रा पुसता येत नाही, पण कोऱ्या व्यंजनावर नवी मात्रा चढवता येते, मात्र उभा व आडवा असे दोन्ही शब्द त्यानंतरही शुद्ध राहिले पाहिजेत. आडवा ‘फळ’ आणि उभा ‘केळ’ एकाच ळ वर छेदत असतील, तर त्या ळ ला दुसरी वेलांटी दिल्यास ‘फळी’ आणि ‘केळी’ दोन्ही उभे राहतात, चाल मान्य. काना दिल्यास ‘फळा’ होतो, पण ‘केळा’ मराठी नाही, चाल अमान्य. एकही सोंगटी न लावता केलेल्या अशा चालीला गुण किती, हा प्रश्न येईलच. माझ्या मते दोन्ही नव्या शब्दांचे पूर्ण गुण द्यावेत, पण एका खेळाडूला एका डावात अशा दोनच चाली असाव्यात. एरवी डाव वेलांट्यांच्या कसरतीत अडकतो.

स्वरांसाठी इ, उ, ए यांच्या वेगळ्या सोंगट्या करण्याचेही कारण नाही. सावरकरांनी सुचवलेली ‘अ’ची बाराखडी, म्हणजे अि, अी, अु, अे असे लेखन, छपाईत फार काळ टिकले नाही, पण या पटावर ते अगदी चपखल बसते. अ ची सोंगटी घ्यावी, वर उकार काढावा, उ झाला. सहा सोंगट्यांत सगळे स्वर भागतात.

क्ष आणि ज्ञ यांविषयी मतभेद होणार, कारण शासनाच्या २००९ च्या वर्णमालेतही त्यांना विशेष संयुक्त व्यंजने म्हणून वेगळे स्थान दिले आहे. स्पॅनिश खेळात सी व एच या अक्षरांची जोडी, दुहेरी एल आणि दुहेरी आर यांच्या स्वतंत्र सोंगट्या होत्या, आणि ती जोडी सुट्या सोंगट्यांनी मांडण्यास मनाई होती. आपण त्या वाटेने अर्धेच जावे. ज्ञ ची एक स्वतंत्र सोंगटी ठेवावी, कारण ती नसेल तर केवळ तिच्यासाठी ञ थैलीत घालावा लागेल आणि मराठी उच्चार ‘द्न्य’ असल्याने मुलाला तो जोड कळणारही नाही. क्ष मात्र क वर ष चढवूनच करावा. ष ला तेवढेच काम मिळते. म्ह, न्ह, ल्ह हे उच्चाराने एकजीव असले तरी चढवलेल्या सोंगट्यांनी निभावतात. र्य आणि ऱ्य या जोडीत मात्र सावध राहावे. दोन्हींच्या सोंगट्या त्याच, र वर य. पण ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. मांडणाऱ्याने शब्द मोठ्याने उच्चारावा आणि ऱ्य असेल तेथे सोंगटीवर आडवी चंद्रकोरीसारखी रेघ काढावी; ती मात्रेसारखीच मानली जावी.

आता गुणदान. येथेच बहुतेक रचना घसरतात, आणि येथेच आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांचा खरा प्रश्न आहे.

जोडाक्षर कठीण, म्हणून त्याला जादा गुण द्यावेत, असे कोणालाही सहज सुचते. मला ते घातक वाटते. ग्वाल्हेरच्या दौलतगंजाचेच उदाहरण घेऊ. दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वाढलेल्या लष्कर भागातील ही वस्ती; तेथील मराठी घरातले मूल शाळेत हिंदी शिकते. कर्म, क्रम, शब्द, स्वातंत्र्य हे शब्द त्याला हिंदीच्या पुस्तकातूनच मिळतात, थोड्याफार फरकाने. जोडाक्षरांची सर्वाधिक गर्दी तत्सम शब्दांत असते. म्हणजे जोडाक्षराला जादा गुण देणारा पट त्या मुलाला सांगतो की तुझ्या हिंदी पुस्तकातले शब्द मौल्यवान आणि आजीच्या तोंडचे फळ, अडगळ, उन्हाळा, पाऊलवाट हलके. खेळ मराठीचा आणि पारितोषिक हिंदी पाठ्यपुस्तकाला, असा उलटा व्यवहार होतो. निपाणी किंवा बिदरकडील घरातही शाळेची भाषा बदलते, हिशेब बदलत नाही.

म्हणून गुण सोंगटीचेच, जोडणीचे नाहीत. हिशेब करून पाहू. प, ल, व, अ, स, त, र, य यांना प्रत्येकी एक आणि ट ला दोन गुण धरा. ‘स्वातंत्र्य’ सहा सोंगट्यांचा, गुण सहा, पण घरे अवघी तीन: स्वा, तं, त्र्य. ‘पाऊलवाट’ पाच सोंगट्यांचा, गुण सहा, आणि घरे पाच. गुण सारखे, मात्र पहिल्याने हातातल्या सहा सोंगट्या तीन घरांत दडपल्या आणि पट तेवढाच राहिला. दुसऱ्याने पाच घरे उघडली. इंग्रजीत सातही सोंगट्या एकदम लावल्यास पन्नास गुण मिळतात. मराठीत सोंगट्या मोजून असे बक्षीस ठेवले तर ते नेमके दडपलेल्या शब्दांना जाते. म्हणून बक्षीस घरे मोजून द्यावे: एका चालीत नवी पाच किंवा अधिक घरे भरली तर दहा गुण. ‘पाऊलवाट’ सोळावर जाते, ‘स्वातंत्र्य’ सहावर राहते. दुप्पट गुणांच्या घरात चढवलेल्या सोंगट्या आल्यास फक्त सर्वांत वरच्या सोंगटीचे गुण दुप्पट करावेत. नाही तर ‘ज्योत्स्ना’तील त्स्ना त्या घरात नेऊन बसवणे हाच एक डाव होऊन बसेल.

अनुस्वाराबाबत हीच पळवाट आहे. ‘दन्त’ लिहिल्यास न ची सोंगटी लागते आणि तिचे गुण मिळतात. ‘दंत’ लिहिल्यास नाही. जेथे दोन्ही लेखने चालतात तेथे पटावर अनुस्वारच चालेल, असा नियम आधीच सांगून ठेवावा. तन्मय, वाङ्मय यांत पर्याय नाही. तेथे न आहे, आणि ङ साठी कोरी सोंगटी.

गुण ठरवण्यासाठी अक्षरे कोठून मोजावीत? बट्सप्रमाणे वृत्तपत्रातून मोजली तर मराठीत फसगत होते. एक साधे वाक्य पाहा: दौलतगंजातल्या आमच्या घरासमोर संध्याकाळी मुले खेळत असत. सत्तावीस अक्षरे, त्यांत जोडाक्षरे तीन: ल्या, च्या, ध्या. पैकी पहिली दोन प्रत्ययांची आहेत. मराठी गद्यातील च, ल, त, य यांची रेलचेल मोठ्या प्रमाणात ‘-च्या’, ‘-ल्या’, ‘-त्या’ या विभक्तिरूपांतून आणि विशेषणरूपांतून येते. पटावर तर विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये लागलेली रूपे चालू देऊ नयेत. चालू दिली तर प्रत्येक नामाला ‘ला’, ‘ने’, ‘चा’ जोडत बसता येते. मग गद्यात मोजलेला च पटावर तितका उपयोगी राहत नाही. मोजणी शब्दकोशातील शब्दांवर करावी. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश हाताशी असेल त्याने प्रत्येक पन्नासाव्या पानावरील पहिले वीस शब्द घ्यावेत, एवढे पुरे.

पण तेथेही एक खड्डा आहे. कोशातील प्रत्येक क्रियापद ‘णे’ने संपते, त्यामुळे ण ची गणती फुगते. त्यात पुन्हा बस, कर, पड, पळ ही आज्ञार्थी रूपे स्वतंत्र शब्द आहेत आणि प्रत्येकाला ‘णे’ जोडून नवा शब्द होतो. म्हणजे मराठीतील ण हा इंग्रजीतील एस या अक्षराचा भाऊ. त्या अक्षराच्या सोंगट्या इंग्रजीत मुद्दाम चारच ठेवल्या आहेत आणि गुण एक. आपण ण दोनच ठेवावेत, गुण एक. उलट ळ मराठीत विपुल, पण शब्दाच्या आरंभी कधीच येत नाही. त्याची जागा शोधावी लागते, म्हणून तीन सोंगट्या आणि गुण दोन. ज्यांना हिंदी पटच मराठीसाठी वापरता येईल असे वाटते, त्यांनी ळ नसलेल्या थैलीतून केळ, माळ, दुपारचे ऊन उतरल्यावरची संध्याकाळ मांडून दाखवावी.

पट किती मोठा? इंग्रजीत २२५ घरांना १०० सोंगट्या, म्हणजे शंभरात चव्वेचाळीस घरे भरतात. मराठी शब्द घरांत मोजल्यास आखूड असतात आणि जोडाक्षरांत सोंगट्या एकमेकींवर जातात. पंधराचा पट रिकामा राहतो. तेरा गुणिले तेरा, म्हणजे १६९ घरे घेतली तर त्याच प्रमाणात सुमारे ७५ घरे भरावीत. दर पाचव्या घरात दोन सोंगट्या येतील असे धरले, तर ९० सोंगट्या लागतात.

माझी वाटणी अशी. अ आणि र सहा-सहा, क पाच; त, न, प, म, ल, व, स चार-चार; द आणि य तीन-तीन. या सर्वांना आणि ण ला एक गुण. ग, ब, ह आणि ळ तीन-तीन. च, ज, ट, ड दोन-दोन. यांना दोन गुण. ख आणि श दोन-दोन, गुण तीन. घ, थ, ध, फ, भ, ष एकेक, गुण चार. छ, झ, ठ, ढ एकेक, गुण सहा. ज्ञ एक, गुण पाच. कोऱ्या दोन, गुण शून्य. एकूण नव्वद. ही वाटणी अंतिम नाही. पाच-सहा डावांनंतर जी अक्षरे वारंवार हातात पडून राहतात त्यांची एकेक सोंगटी काढावी. ट, ड यांच्याबाबत मला आताच शंका आहे.

सोंगटी १८ मिलिमीटरची, घर २५ मिलिमीटरचे. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड पुठ्ठा चांगला चालतो. मधोमध मोठे अक्षर, आणि पत्त्यांप्रमाणे वरच्या डाव्या कोपऱ्यात तेच अक्षर लहान. म्हणजे वरची सोंगटी थोडी उजवीकडे व खाली सरकवून ठेवली की खालचीचा कोपरा दिसतो. ‘त्र्य’सारख्या तीन थरांत तो नीट दिसत नाही, उचलून पाहावे लागते. हा दोष राहतो, आणि त्यावर मला स्वस्तातला उपाय सापडलेला नाही.

शेवटचा प्रश्न वादाचा: शब्द मराठी की नाही, हे कोण ठरवणार? ऱ्हस्व-दीर्घ साहित्य महामंडळाच्या नियमांप्रमाणे, म्हणजे ‘कवी’, ‘गुरू’, ‘नीती’. हिंदी शाळेतले मूल ‘कवि’ मांडणार. त्याची वेलांटी चुकली तर सोंगट्या परत न देता मात्रा एकदा दुरुस्त करू द्यावी, आणि ज्याने चूक दाखवली त्याला एक गुण द्यावा. शब्दाच्या अर्थाबाबत मात्र सवलत नसावी. मांडणाऱ्याने तो शब्द मराठी वाक्यात वापरून दाखवावा. ‘शिक्षा’ मांडून “मी शिक्षा घेण्यासाठी इंदूरला जाणार” असे म्हणणाऱ्याला गुण मिळणार नाहीत. “गृहपाठ केला नाही म्हणून शिक्षा झाली” असे म्हणणाऱ्याला मिळतील.